स्वागताच्या भाषणात एकच गोष्ट शिकवा

“सर, जूनमध्ये माझ्याकडे प्रभारी प्राचार्यपद आलं. मी पदार्थविज्ञान शिकवते. तालुक्याच्या गावचं कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालय आहे. पहिल्या वर्षाला जवळपास तीनशे मुलं, त्यातली निम्म्याहून जास्त एसटीने येणारी. गेल्या वर्षी पहिल्याच सेमिस्टरला बरीच मुलं दोन-दोन विषयांत अडकली. आता स्वागत समारंभात मला वीस मिनिटं बोलायचं आहे. आधीच्या भाषणांतलं मुलांना काही म्हणजे काही आठवत नाही. अभ्यास नीट व्हावा म्हणून या वीस मिनिटांत नेमकं काय सांगू?”
— एक प्रभारी प्राचार्य, जि. बुलढाणा

मॅडम,

वीस मिनिटांत एकच गोष्ट मावते, आणि ती मावली तर पुरते. मुलांना एवढंच शिकवा: वर्गात झालेलं त्याच दिवशी वही मिटून, कोऱ्या कागदावर, आठवेल तसं लिहायचं. मग वही उघडायची आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनाने भरायचं. ग्रंथालयाची वेळ, हजेरीचा नियम, शिष्यवृत्तीच्या तारखा हे सगळं छापून हातात द्या. त्यासाठी भाषण खर्च करू नका.

मी याच गोष्टीवर का अडून बसलोय ते सांगतो. मी प्राचार्य असताना अर्थशास्त्राचे तासही घेत असे. एका ऑक्टोबरात इंटर्नलचे पेपर परत देताना बी.कॉम. पहिल्या वर्षाची एक मुलगी रडवेली होऊन थांबली. वीसपैकी सहा गुण. एकही तास न चुकवणारी मुलगी. मी तिची वही मागितली. वही सुंदर होती. अक्षर मोत्यासारखं, आणि पानच्या पान पिवळ्या हायलाइटरने रंगवलेलं. जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळी. “किती वेळा वाचलंस?” मी विचारलं. “पाच वेळा, सर.” मी वही मिटून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मागणीची लवचिकता म्हणजे काय, तुझ्या शब्दांत सांग. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, डोळ्यांसमोर पान येतंय, कुठल्या कोपऱ्यात लिहिलंय ते पण दिसतंय. शब्द येत नाहीयेत.”

त्या मुलीने कष्टात कसूर केली नव्हती. तिला अभ्यासाची जी रीत ठाऊक होती ती तिने मनापासून पाळली होती, आणि ती रीतच कच्ची होती. पाचव्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटलं की मन म्हणतं, हे येतं आपल्याला. परीक्षेत मात्र पान समोर नसतं. तिथे ओळखायचं नसतं, आतून काढायचं असतं, आणि ते काढण्याचा सराव तिने एकदाही केलेला नव्हता. बारावीपर्यंत हे खपून जातं, कारण क्लासवाले आणि शिक्षक वर्षभर सराव परीक्षा घेत राहतात. आठवून लिहिणं आपोआप होतं. कॉलेजात आल्यावर तो आधार जातो आणि मुलांच्या हाती उरतं फक्त वाचणं.

यावर मोजून केलेलं काम आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली ते प्रसिद्ध केलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. आठवड्याने तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी की वाचणाऱ्या गटाने तो उतारा सरासरी १४ वेळा वाचून काढला होता, आणि लिहिणाऱ्यांनी तीन-चार वेळा. आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: आठवड्यानंतर किती आठवेल असं विचारल्यावर सर्वांत जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता.

हे आकडे भाषणात सांगू नका. आकडेही विसरले जातील. हाच प्रयोग सभागृहात करा.

पण तो कसा करायचा त्यात एक मेख आहे, आणि ती सांभाळली नाही तर प्रयोग उलटा फिरेल. त्याच संशोधनात दिसलं होतं की पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारेच पुढे असतात, ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी चित्र पालटतं आणि आठवड्याने फरक ठळक होतो. म्हणजे तुम्ही समारंभातच निकाल लावलात तर तीनशे मुलांसमोर पुन्हा पुन्हा वाचणंच जिंकेल. निकाल आठवड्याने लावायचा, हे पक्कं.

उतारा मुलांना आधी माहीत नसलेला हवा. तुमच्या जिल्ह्यात लोणारचा उतारा घेण्याचा मोह होईल. घेऊ नका, कारण ज्याने सहावीत सहल केली त्याला तो आधीच येतो. मी महाधनेश या पक्ष्यावर सहा-सात ओळी लिहिल्या असत्या: तो जुन्या उंच झाडाच्या ढोलीत घरटं करतो, मादी आत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते, लिंपायला मुख्यतः स्वतःची विष्ठा वापरते, एक अरुंद फट तेवढी ठेवते, नर त्या फटीतून तिला भरवतो, खाण्यात वड-उंबराच्या जातीची फळं जास्त, आत असताना मादीची उडायची पिसं झडतात, अंडी एक किंवा दोन, उबवायला सुमारे चाळीस दिवस, हा केरळ आणि अरुणाचल प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. मोजून दहा मुद्दे झाले. म्हणजे तपासायला दहा गुण.

अर्ध्या पानाच्या तीनशे झेरॉक्स काढा, निम्म्या पांढऱ्या कागदावर आणि निम्म्या पिवळ्या. वाटताना एक पांढरा, एक पिवळा, असं एकाआड एक वाटा. सभागृहाचे डावे-उजवे भाग पाडू नका. आपल्याकडे मुली एका बाजूला, सायन्सवाले पुढे, उशिरा आलेली एसटीची मुलं मागे, असं बसणं असतं, आणि मग कागदाच्या रंगाऐवजी त्या फरकाचाच निकाल लागतो. सगळ्यांनी तीन मिनिटं वाचायचं. पुढची चार मिनिटं पांढऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचायचं आणि पिवळ्यांनी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला आठवेल ते लिहायचं. शेवटी प्रत्येकाने नाव आणि एक आकडा लिहायचा: पुढच्या आठवड्यात दहापैकी किती मुद्दे आठवतील? कागद गोळा करून घ्या. एकही बाहेर जाता कामा नये.

कागद वाटणं आणि गोळा करणं धरून यात दहा मिनिटं जातील. उरलेल्या दहात बोलायचं. मला सुचतं ते असं, तुमच्या तोंडी बसेल तसं बदलून घ्या:

“मुलांनो, आत्ता पिवळ्या कागदवाल्यांना थोडा त्रास झाला. अर्ध्यावर येऊन अडल्यासारखं झालं. पांढऱ्या कागदवाल्यांचं सुरळीत गेलं. यातलं कोणाचं काम जास्त उपयोगी पडलं, ते मी आज सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात तुमचेच आकडे फळ्यावर मांडीन. तोपर्यंत माझं एक ऐका. आजपासून रोज, कॉलेजातून निघायच्या आधी किंवा घरी गेल्यावर, एका विषयाची वही मिटा. एक कोरा कागद घ्या. आज त्या तासाला काय झालं ते दहा मिनिटं लिहा. अडलात तर लगेच वही उघडू नका, एक मिनिट थांबा. मग वही उघडा आणि जे राहिलं ते लाल पेनाने लिहा. तो कागद फेकू नका. तीन-चार दिवसांनी पुन्हा एक कोरा कागद घ्या, तोच विषय लिहा, आणि दोन कागद शेजारी ठेवा. लाल कमी झालं असेल तर अभ्यास होतोय. तेवढंच लाल असेल तर ते लाल झालेलं घेऊन सरांकडे, मॅडमकडे जा. त्यांना ‘काही समजलं नाही’ असं म्हणू नका. कागद दाखवा.”

शेवटचं वाक्य वगळू नका. पहिल्या वर्षाचं मूल शिक्षकाकडे जायला बिचकतं, कारण काय विचारायचं तेच त्याला मांडता येत नाही. लाल शाईचा कागद हातात असला की प्रश्न तयार असतो.

तो कागद कसा दिसतो, हे एकदा जवळून दाखवायला हवं. त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात रोज दहा मिनिटं बोलावलं. लवचिकतेवरचाच तिचा कागद सांगतो. उदाहरण असं होतं: कचोरीची किंमत १० रुपयांवरून १२ झाली आणि दिवसाचा खप २०० वरून १५० वर आला. किंमत बदलली की मागणी किती बदलते, ही व्याख्या तिने जवळपास बरोबर लिहिली. मग किंमतीतला बदल २० टक्के, मागणीतला बदल २५ टक्के, हेही बरोबर. आणि भागाकार केला २० भागिले २५. उत्तर ०.८, एकापेक्षा कमी, म्हणून मागणी अलवचिक. वही उघडल्यावर दिसलं की मागणीतला बदल वर असतो आणि किंमतीतला खाली. २५ भागिले २०, म्हणजे १.२५, म्हणजे मागणी लवचिक. निष्कर्ष पूर्ण उलटा. पाच वेळा वाचूनही ही चूक तिला कधी भेटली नव्हती, कारण वहीत सूत्र बरोबरच छापल्यासारखं होतं आणि वाचताना ते बरोबरच वाटत होतं. हातातून उतरलं तेव्हाच ते उलटं उतरलं.

मी तिला पडताळा शिकवला: आधीची विक्री १० गुणिले २००, म्हणजे २,००० रुपये. नंतरची १२ गुणिले १५०, म्हणजे १,८००. भाव वाढवून गल्ला कमी झाला, म्हणजे गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, म्हणजे मागणी लवचिक. चौथ्या दिवशीच्या कागदावर सूत्र सुलटं होतं आणि शेजारी तिने स्वतःहून गल्ल्याचा हिशोब मांडला होता. तुम्ही पदार्थविज्ञानाच्या. तुमच्या वर्गातलं असंच एखादं उदाहरण भाषणाआधी शोधून ठेवा. तुमच्या मुलांची नेहमीची उलटापालट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल.

आता वेळेचं. मुलं विचारतील, रोज किती तास? याचं उत्तर हवेत देऊ नका, क्रेडिटवरून द्या. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका क्रेडिटमागे एकूण शिकण्याचे ३० तास धरलेले आहेत, म्हणजे उरलेले १५ मुलाने स्वतः करायचे. दोन क्रेडिटच्या विषयाला पंधरा आठवड्यांत असे ३० तास, म्हणजे आठवड्याला दोन. हे मुलांना पटतं, कारण यात धाक नाही, साधा हिशोब आहे. मात्र पहिलं सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं क्वचितच मिळतं. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, मग गणपती, मग दिवाळी. तुमच्या महाविद्यालयात प्रत्यक्ष किती आठवडे हातात आहेत ते कॅलेंडरवर मोजून पहिल्याच दिवशी आकडा सांगा. इंटर्नल किती गुणांची, लेखी किती गुणांची, दोन्हीत स्वतंत्र उत्तीर्ण व्हावं लागतं का, हेही तुमच्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक हातात घेऊन सांगा. हे विद्यापीठागणिक वेगळं आहे आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर बदलत आलंय. मागच्या वर्षीच्या आठवणीवर बोलू नका.

एसटीच्या मुलांचा विचार वेगळा करावा लागेल. संध्याकाळी सहा-सातला घरी पोचणाऱ्या मुलाला गुरांचं, पाण्याचं, धाकट्यांचं बघायचं असतं. त्याला “रात्री दोन तास बसा” सांगितलं की तो तिथेच आपल्याला सोडून देतो. पण स्टँडवर गाडीची वाट पाहत अर्धा-पाऊण तास जातोच. या रीतीला टेबल लागत नाही, पुस्तक लागत नाही. एक पाठकोरा कागद आणि पेन पुरे. दोघं एका गावची असतील तर एकाने न बघता सांगायचं, दुसऱ्याने वही धरून तपासायचं. गाडीत बसल्यावर हलत्या बसमध्ये लिहिता येत नाही, पण मनात उजळणी करता येते: आज पहिल्या तासाला काय झालं, दुसऱ्या तासाला काय. जमलं तर तुमच्या इथे शेवटच्या तासानंतर एक वर्गखोली गाडीच्या वेळेपर्यंत उघडी ठेवा. भाषणात खोलीचा क्रमांक सांगता आला तर मुलं तिथे जातील.

या रीतीच्या मर्यादाही मुलांना सांगा, नाहीतर दोन आठवड्यांत ती सोडून देतील. जे मुळात समजलेलंच नाही ते आठवून लिहिल्याने समजत नाही. तिथे आधी शिक्षक हवा. प्रयोगशाळेतली हातोटी कागदावर येत नाही. आणि ज्यांचा विषय इंग्रजीतून आहे पण विचार मराठीतून येतो, त्यांनी पहिले काही आठवडे मराठीत लिहायला काही हरकत नाही. संज्ञा तेवढ्या इंग्रजीत ठेवायच्या. आधी गोष्ट आतून निघू दे. परीक्षेला इंग्रजीत लिहायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुसरा कागद इंग्रजीत करायचा. हे तुम्ही प्राचार्य म्हणून व्यासपीठावरून बोललात तर कित्येक मुलांच्या मानेवरचं ओझं उतरेल, कारण मराठीत लिहिणं म्हणजे चोरी, असं त्यांना वाटत असतं.

चुकतं कुठे, तेही मी पाहिलंय. काही मुलं वही अर्धी उघडी ठेवून लिहितात. ते आठवणं नाही, ते उतरवणं आहे, आणि ओळखायचं सोपं आहे: कागदावर लाल शाई जवळजवळ नसते आणि वाक्यं वहीतल्यासारखीच असतात. काही मुलं एकाच संध्याकाळी तोच भाग चारदा लिहितात आणि पुन्हा त्याला हात लावत नाहीत. मधे दिवस जाऊ देऊन, थोडं विसरल्यावर लिहिण्यातच फायदा आहे. आणि काही मुलं पहिल्याच दिवशी अर्धं पान लाल झालेलं पाहून खचतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की पहिला कागद असाच दिसतो, हुशार मुलाचाही.

आता आठवड्यानंतरचं. सगळ्या शाखांना सामायिक असलेला एखादा तास निवडा. उतारा न दाखवता पाच मिनिटं महाधनेशाबद्दल आठवेल ते लिहायला लावा. कागदांची अदलाबदल करून दहा मुद्द्यांच्या यादीवरून मुलांनीच गुण द्यायचे. पांढऱ्यांची सरासरी, पिवळ्यांची सरासरी आणि दोघांनी आधी लिहिलेले अंदाज, हे चार आकडे फळ्यावर मांडा. फरक किती येईल हे मी आज सांगू शकत नाही. गैरहजेरी, गोंधळ, शेजाऱ्याकडे डोकावणं, सगळं त्यात असतं. फरक लहान आला तरी जसा आहे तसाच लिहा, वाढवून सांगू नका. तुमची सायन्सची मुलं तिथे बसलेली आहेत.

प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत येणारी मुलं तुमचं भाषण चुकवतील, आणि बहुधा अडकतातही तीच. त्यांच्यासाठी तेच कागद जपून ठेवा आणि फेरी संपल्यावर एका वर्गात, माइकशिवाय, पुन्हा एकदा सगळं करा. आणि शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत एक मागणी करा: प्रत्येकाने आठवड्यातल्या एका तासाची शेवटची सात मिनिटं वह्या मिटून लिहायला द्यावीत. गुण नाहीत, हजेरीशी संबंध नाही, कागद मुलाकडेच राहील. कोणी म्हणेल पोर्शन मागे पडतो. त्यांना म्हणा, तिसऱ्या आठवड्यात एकदा करून बघा आणि मुलांचे कागद पाहून मग मला सांगा. मी हे सुरू केलं तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचाही हाच आक्षेप होता. त्यांनी एका तासाला कागद लिहून घेतले, घरी नेले, आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारता तोच भाग वर्गात पुन्हा शिकवला.